थांबलेला दोरा

सलूनच्या आतल्या खोलीत खिळ्याला एक काळा युनिफॉर्म लटकलेला असायचा, धुतलेला, इस्त्री केलेला. तो जिचा होता ती थ्रेडिंगवाली मुलगी काम सोडून गेली होती, पण तो कुणीच काढत नव्हतं. चहा प्यायला आत गेलं की मला उगाच वाटायचं, ती मागे उभी आहे.

मी तेव्हा बी.कॉम.ला होते आणि दुपारनंतर काउंटर सांभाळायचे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून सलून चालवणाऱ्या मॅडमना वाटायचं मला सगळं लिहिता येतं. शहरातच दुसरी शाखा निघणार होती. "नव्या मुली येतील. नियम लिहून काढ," त्या म्हणाल्या. "रोज तोंडाने किती सांगू?"

हजेरी सोपी होती: वेळेवर यायचं, लग्नसराईत सुट्टी आधी विचारून. युनिफॉर्मचंही लिहून झालं. मग 'कामाच्या वेळेत फोन लॉकरमध्ये' हे मी मोठ्याने वाचलं, तर मैंदर्गीहून येणारी आमची जुनी ब्युटिशियन म्हणाली, "आमचे ठिवतो की. पण गिऱ्हाइकाच्या फोनचं काय?"

भुवया करताना गिऱ्हाइकाने दोन्ही हातांनी कातडी ताणून धरावी लागते. ती थ्रेडिंगवाली मुलगी गेली त्याच्या आदल्या दिवशी तिच्याकडे भुवया करताना एका नेहमीच्या बाईंनी मध्येच फोन उचलला, कातडी सैल पडली आणि दोऱ्याने कापली. मॅडमनी त्या मुलीला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. तिने मागितली. दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म आणून दिला आणि गेली.

"गिऱ्हाइकाला नियम लावले तर ते येतील का गं?" मॅडम म्हणाल्या.

"मग कापलं की माफी आमीच मागायची, असं लिवा. पर मी नव्या शाखेला येत न्हाय."

मला कुणाची बाजू घ्यावी, कळेना. मॅडम खिळ्याकडे बघत होत्या.

"लिही," त्या हळूच म्हणाल्या. "गिऱ्हाइकाने फोन घेतला तर दोरा थांबवायचा. कातडी नीट धरल्याशिवाय परत सुरू करायचं नाही. आणि माफी मागायला कुणाला लावायचं नाही."

काही दिवसांनी त्याच बाई आल्या. फोन वाजला, त्यांनी उचलला. दोरा थांबला.

"चालू दे की गं!"

ब्युटिशियनने मॅडमकडे पाहिलं. "तुमचं बोलणं होऊ द्या, वहिनी," मॅडम काउंटरवरून म्हणाल्या. "मग करू."

बाईंनी तोंड वाकडं केलं, पण फोन पर्समध्ये टाकला.

त्या संध्याकाळी मॅडमनी गेलेल्या मुलीला फोन लावला. लागला नाही. पुढेही लागला नाही.

नव्या मुली आल्या तेव्हा एकीने खिळ्याकडे हात नेला. "तो नको," मॅडम घाईने म्हणाल्या. "तुला नवा शिवू."

तो युनिफॉर्म आजही तिथेच आहे; पंखा लावला की त्याची बाही हलते. तिकडे पाठ करून मी अजूनही बसत नाही.