ऑथरची जोडी

गाइडं छापणाऱ्या एका छोट्या प्रकाशनाच्या ऑफिसात मी अनेक वर्षं कॉम्प्युटरवर मजकूर बसवते. बुधवार पेठेत, खाली पुस्तकांची दुकानं आणि वर आम्ही. जिना इतका अरुंद की वर येणाऱ्याला आणि खाली जाणाऱ्याला एकमेकांचा स्वभाव लगेच कळतो. माझ्याकडे आलेल्या लेखकांबद्दल मला फारसं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. प्रूफ वेळेवर देत नाहीत, आणि चूक निघाली की ती कॉम्प्युटरची असते. अपवाद दोघांचा. एक सर आणि दुसऱ्या त्यांच्या बायको, बाई.

सर खाजगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचे. बाई मुलींच्या शाळेत इंग्रजीच्याच शिक्षिका. आमचं इंग्रजी व्याकरणाचं गाइड सरांच्या नावावर होतं आणि मराठी माध्यमाच्या मुलांत चांगलं चालायचं. नवीन आवृत्ती निघायची तेव्हा दोघं मिळून प्रूफ वाचायला यायचे. घरी नेऊन वाचा म्हटलं तर बाई म्हणायच्या, "घरी वाचलं की मध्येच कुकरची शिट्टी होते, आणि शिट्टी झाली की उठायचं कुणी ते ठरलेलं आहे."

पुल्लिंग-स्त्रीलिंगाचं पान वाचायची त्यांची एक खास पद्धत होती. डावा रकाना सरांचा, उजवा बाईंचा. सर म्हणायचे, "अ‍ॅक्टर." बाई, "अ‍ॅक्ट्रेस." "नेफ्यू." "नीस." "मंक." "नन." "बॅचलर." "स्पिन्स्टर." असं समोरासमोर बसून, चष्मे नाकावर आणून, सवालजवाबासारखं. मी मूळ प्रत हातात धरून बसायची. डोळ्यांनी निसटलेली चूक कानांना सापडते, असं सरांचं मत. मला मात्र ते ऐकताना वाटायचं की ही दोघं रोज घरी अशीच बोलत असणार.

पान संपलं की खाली एक वेगळी चौकट यायची, ज्या शब्दांना वेगळं रूपच नाही त्यांची. टीचर, डॉक्टर, कझिन, फ्रेंड, पेरेंट. पुरुष असो की बाई, शब्द तोच.

एकदा मी बाईंना विचारलं, "बाई, इंग्रजीत सगळीकडे पुरुषाचा शब्द आधी आणि त्याला शेपूट लावून बाईचा करायचा, असंच का हो?"

"सगळीकडे नाही," बाई म्हणाल्या. "ब्राइडला ग्रूम जोडला की नवरदेव होतो. विडोला शेपूट लावलं की विडोअर, म्हणजे विधुर. आपल्या पानावर एवढ्या दोनच जागा आहेत जिथे बाईवरून पुरुषाचा शब्द बनलाय. एकदा लग्नात आणि एकदा मरणात."

"अगं, काय बोलतेस," सर म्हणाले.

"अहो, व्याकरण सांगतेय. घाबरता कशाला?"

हे गाइड दोघांचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. नियम सरांचे, पण स्वाध्याय, म्हणजे मुलांनी सोडवायचे सगळे प्रश्न, बाईंचे. मुलं गाइड घेतात ती प्रश्नांसाठी; नियम कुणी वाचत नाही. पहिल्यांदा पुस्तक निघालं तेव्हा बाई नोकरीत होत्या, आणि त्यांच्या शाळेत शिक्षकांनी गाइडाला नाव दिलेलं चालायचं नाही. म्हणून सरांचं एकट्याचं नाव लागलं. त्यात कुणाची लबाडी नव्हती. पुढे बाई निवृत्त झाल्या. आता नाव लागायला काही हरकत नव्हती. पण आमचे मालक म्हणाले, "कव्हर ओळखीचं झालंय. दुकानदार लांबून रंग बघून काढून देतो. कशाला हात लावायचा?" सर म्हणाले, "बघू, पुढच्या आवृत्तीला." आणि पुढच्या आवृत्तीला पुन्हा तेच.

सरांनी नाही कधीच म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर बाई भांडल्या तरी असत्या. "पुढच्या वेळी" या शब्दाशी भांडता येत नाही.

बाईंनीही तोंडाने कधी मागितलं नाही. नवं कव्हर आलं की त्या हातात घेऊन उलटसुलट बघायच्या, छपाई बरी आलीय म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. मला ते बघवायचं नाही. मी उगाच स्क्रीनकडे बघत बसायची.

मग एका आवृत्तीच्या वेळी ते पान वाचताना सर म्हणाले, "ऑथर."

समोरून उत्तर आलं नाही. सरांना वाटलं बाईंची ओळ चुकली. त्यांनी पुन्हा म्हटलं, "ऑथर."

"हा शब्द या पानावरून काढा," बाई म्हणाल्या. "ऑथरेस आता कुणी म्हणत नाही. पोएटेसही नाही. लिहिणारी बाई असली तरी ऑथरच. खालच्या चौकटीत टाका, टीचरच्या शेजारी."

"परीक्षेत विचारतात ना अजून," सर म्हणाले. "मुलांचे मार्क जातील."

"बरं. मग राहू दे. ऑथरेस." बाईंनी तो शब्द अगदी स्पष्ट उच्चारला. "कव्हरवर नसली तरी आतल्या पानावर आहे, तेही काही कमी नाही."

मला हसू आलं. पुणेरी टोमणा ऐकला की हसायचं, ही आमची जुनी सवय. बाईही हसल्या. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की. तुझं नाव आणि हा शब्द, दोन्ही." बाई म्हणाल्या, "वाचा पुढे. बाराला मंडईत जायचंय."

पुढच्या वेळी बाई नव्हत्या.

आजार काही फार लांबला नाही. पोटात दुखतं म्हणून दाखवायला गेल्या आणि राहिल्याच दवाखान्यात. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, अभ्यासक्रम बदलणार म्हणतात ते खरं का, म्हणजे स्वाध्याय नव्याने करायला हवेत. मी म्हटलं, आधी बऱ्या व्हा. आजारी माणसाला सगळे म्हणतात तसं मीही म्हटलं. त्यांना स्वाध्यायांबद्दलच बोलायचं होतं, आणि मी बोलू दिलं नाही याची हळहळ अजून वाटते.

अभ्यासक्रम खरंच बदलला. काही महिन्यांनी सर एकटे जिना चढून आले. शर्टाला इस्त्री होती, पण कॉलर एका बाजूने आत दुमडलेली राहिली होती. पूर्वी अशी राहिली नसती. त्यांनी पिशवीतून कागद काढले. पुल्लिंग-स्त्रीलिंगाच्या पानावर लाल पेनाने खुणा होत्या. ऑथर आणि पोएट वरून काढून खालच्या चौकटीत नेलेले. अ‍ॅक्ट्रेस जागेवरच, पण खाली टीप, की हल्ली स्त्रियांसाठीही अ‍ॅक्टर वापरतात. दुसऱ्या कागदावर कव्हरचा मजकूर. दोन नावं, एकाखाली एक. वरचं बाईंचं.

मालक कागद बघून लगेच म्हणाले, "लावू की. त्यात काय एवढं."

मला त्या क्षणी मालकांचा भयंकर राग आला. आणि सरांचाही आला. त्यात काय एवढं, हेच तर! एवढंच होतं, तर इतकी वर्षं कसली वाट बघत होता? कव्हरचं डिझाइन उघडून एक ओळ घालायची, माझा चहा निवायच्या आत होणारं काम. पण सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी कव्हरची फाइल उघडायला घेतली. माझ्यापेक्षा जास्त राग त्यांना स्वतःचा आलेला होता.

मालक म्हणाले, "नावाच्या आधी कैलासवासी सौभाग्यवती लिहायचं ना? कै. सौ.?"

"नाही," सर म्हणाले. "माझ्या नावाआधी काही आहे का? मग तिच्याही नको. ऑथर म्हणून नाव आहे ते."

मग प्रूफ वाचायला बसलो. बाईंच्या खुर्चीवर मी. मला नको होतं, पण दुसरं होतं कोण. सर म्हणाले, "अ‍ॅक्टर." मी म्हटलं, "अ‍ॅक्ट्रेस." माझा उच्चार बाईंसारखा नाही, मी मराठी शाळेतलीच. "ब्राइडग्रूम." "ब्राइड." मला पुढचा शब्द ठाऊक होता, पान माझ्याच हातांनी बसवलं होतं. वाटलं, सर इथे थांबतील. ते थांबले नाहीत. हजेरी घेतल्यासारखं सपाट आवाजात म्हणाले, "विडोअर." माझं बोट उजव्या रकान्यातल्या 'विडो'वर थांबलं. ज्या बाईच्या जागी बसून मी उत्तर देत होते, तिने तो शब्द दर आवृत्तीला म्हटला होता, पण तिच्यावर तो कधी आलाच नव्हता.

"म्हणा," सर म्हणाले. "तिथे स्पेलिंग तपासायचंय."

मी म्हटलं. आम्ही पुढे गेलो. खालची चौकट सर एकटेच वाचत राहिले. टीचर, डॉक्टर, ऑथर, पोएट. ऑथरच्या पुढे त्यांनी बरोबरची खूण केली आणि ती पुन्हा एकदा गिरवली.

पुस्तक छापून आलं. आमच्याकडे रीत अशी की नवीन आवृत्तीच्या काही प्रती लेखकाला भेट म्हणून द्यायच्या, दोरीने बांधून, वर नावाची चिठ्ठी लावून. लेखक दोन असले की गठ्ठेही दोन. मी दोन्ही बांधले, दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. रीत ती रीत.

सर आले. दोन्ही गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग त्यांनी बाईंच्या नावाचा गठ्ठा उचलला, दोरी सोडून वरची प्रत काढली, कव्हर उलटसुलट करून बघितलं. "छपाई बरी आलीय," म्हणाले. प्रत परत ठेवली, दोरी पुन्हा बांधली, गठ्ठा छातीशी धरला आणि जिन्याकडे निघाले.

मी मागून हाक मारली. "सर, तुमचा राहिला."

"माझा ठेवा तिथेच," ते न वळता म्हणाले. "माझ्याकडे खूप आहेत. हिच्याकडे एकही नाही."