तीन नंबरची सीट

मी नाशिकला गेले तेव्हा गावातल्या प्रत्येकाला सांगून गेले, मोबाइलमधल्या एका बटणाला सोडून. आता लिहायला बसले आहे तर ते बटणच आधी लिहावं लागेल, कारण माझी सगळी लाज तिथून सुरू होते.

त्याआधी चार वर्षं मी कळसाडीहून नंदुरबारला रोज ये-जा करायची. एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी. आमच्याकडच्या नोकरदारांसाठी शहाद्याहून एक छोटी बस सुटते, सतरा सीटची. मोबाइलवर महिन्याचा पास काढायचा, आपल्या नावावर एक सीट ठरते, आणि दर महिन्याला पैसे खात्यातून आपोआप जाऊन पास पुढे चालू राहतो. उभं राहून कोणाला घेत नाहीत. ज्यांना सीट नाही त्यांनी अ‍ॅपमध्ये नाव लावायचं आणि कोणी तरी सोडण्याची वाट पाहायची. माझी सीट तीन नंबरची, ड्रायव्हरच्या मागची खिडकी. प्रकाशाच्या पुलावर तापीचं पाणी किती चढलं हे मी चार वर्षं तिथून पाहिलं.

मग नाशिकची नोकरी लागली. पगार बरा, पण सहा महिने तात्पुरती. ही बातमी कळताच सगळ्यात आधी आमच्या घरी आली ती माझ्या चुलत भावाची बायको, माझी वहिनी. तिला नुकतंच नंदुरबारच्या एका दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायच्या टेबलावर काम मिळालं होतं. साडेआठला हजेरीचा अंगठा. सकाळची एसटी शहाद्यालाच भरते आणि आमच्या फाट्यावर थांबली तर थांबते. ती पेढा खायच्या आधीच म्हणाली, "ताई, तू जाई ऱ्हायनी ते तुन्ही शीट मोकळी व्हई ना? मन्हं नाव पयलं शे यादीमा."

"अगं, तुझ्यासाठीच सोडते," मी म्हणाले. अगदी मोठ्या मनाने. मोठं मन दाखवायला काही लागत नाही, नुसतं तोंड लागतं.

सोडायचं कसं तेही मला नीट माहीत होतं. अ‍ॅपमध्ये जाऊन पास बंद करायचा. चालू महिना संपेपर्यंत सीट आपली, त्यानंतर ती यादीतल्या पहिल्या माणसाला जाते. नाशिकला पहिल्या महिन्याच्या शेवटी फोनवर मेसेज आला, उद्या पासाचे पैसे कापले जातील. मी अ‍ॅप उघडलं आणि शेवटच्या पानापर्यंत गेले. तिथे लिहिलं होतं, तुमची जागा कायमची सोडली जाईल. खाली दोन बटणं, एक "बंद करा" आणि एक "चालू ठेवा".

कायमची हा शब्द मला टोचला. नाशिकला माझं कोणी नव्हतं. साहेब सकाळीच फाइलवरून बोलले होते. सहा महिन्यांनी नारळ दिला तर? कॉलेजमध्ये परत घेतलंही असतं, पण रोज एसटीच्या दांडीला लोंबकळत? एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसा हा रुमाल राहू दे एक महिना, असं म्हणून मी "चालू ठेवा" दाबलं. रुमाल टाकणारा निदान पाठोपाठ चढतो तरी.

दुसऱ्या महिन्यात वहिनीचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, उलट संकोच होता. "ताई, ते शीटनं काय व्हयनं? मन्हं नाव अजून यादीमाच शे."

आणि मी खोटं बोलले. अडखळलेसुद्धा नाही. "मी तर केव्हाच बंद केलाय पास. त्यांच्या अ‍ॅपचाच घोळ असेल. त्या ड्रायव्हरला जरा दम देऊन विचार." हे बोलताना मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि आतून कोणी ऐकत तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. म्हणजे मला कळत होतं. आपण खाईना, दुसऱ्याला देईना, अशी माणसं मी लोकांत किती ओळखली होती, आणि स्वतःला काही ओळखलं नाही.

त्यानंतर मी अ‍ॅपच मोबाइलवरून काढून टाकलं. ते काढल्याने पास बंद होत नाही, पैसे कापायची परवानगी बँकेकडे तशीच राहते, हेही मला माहीत होतं. मला फक्त ते डोळ्यांसमोर नको होतं. तिसऱ्या महिन्याचा मेसेज मी वाचलाही नाही, नुसता वर सरकवला.

श्रावणात कानबाईला, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, घरी जायचंच असतं. आमच्याकडे कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, भाऊबंदांतच खातात, बाहेर कोणाला देत नाहीत, म्हणून जगात कुठेही असाल तरी त्या दिवशी घरचं माणूस घरी हवं. शनिवारी मी नाशिकहून नंदुरबारला उतरले. सरळ शहाद्याची एसटी होती, पण माझा पास चालू होता ना! बेशरमपणाला पण सोय कळते. अ‍ॅप पुन्हा घेतलं आणि संध्याकाळच्या बसला जाऊन उभी राहिले.

ड्रायव्हर दादांनी मला पाहून हात जोडले. "या ताई! तुन्ही शीट मी सांभाळी ठेवी. तीन महिना कोनले बठू दिधं नई."

मी बसले. सीटवरचं कापड बाकी सगळ्या सीटांपेक्षा नवं दिसत होतं. शेजारच्या सीटवरचे रोजचे सर मान हलवून हसले. गावं मागे पडू लागली तसे दादा आरशातून बोलत राहिले.

"तुन्ही वहिनी दोनदा उनी व्हती. म्हने, ताईनी शीट सोडी दिधी, मले बठू दे. मी तिले मोबाइलमा यादी दखाडी. पास चालू शे, नाव शे. मालक भलता कडक शे, काय करू? तरी ती म्हने, मन्ही ताई खोटं बोलाव नई, तुन्ही मशीनच खोटं बोलस."

मी खिडकीबाहेर पाहत होते. काय दिसत होतं ते आठवत नाही.

"आते येत नई ती," दादा म्हणाले. "रोज उशीर, रोज अर्धा दिवस कापेत. मांगला महिनामा दवाखानावालास्नी सांगी दिधं, येऊ नको."

बस प्रकाशाच्या पुलावर चढत होती. मी मोबाइल काढला. पास, मग बंद करा, मग कारण विचारलं तिथे "नोकरी बदलली", मग पुन्हा तोच "कायमची" शब्द, आणि यावेळी मी दाबलं. नंतर पैसे देण्याच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दर महिन्याला कापायची परवानगीही पिन टाकून रद्द केली. सगळं होईपर्यंत बस पुलावरच होती. एवढंच काम होतं. तीन महिने मी जे करू शकले नाही, ते नदी ओलांडायच्या आत झालं.

रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर सगळ्या बायका रोटांचं पीठ मळत होत्या. वहिनी परातीवर वाकलेली. तिचे हात उन्हाने काळवंडले होते, ती आता कापसाच्या निंदणीला जात होती. मी रात्रभर ठरवलं होतं की तिला बाजूला घेऊन खरं ते सांगायचं. तिच्याजवळ बसले, तोंड उघडलं, आणि तिनेच मला वाट करून दिली.

"ताई, तुन्हा फोन बिघडना व्हता ना? मी सगळास्ले तेच सांगं."

तिने ते चार बायकांच्या समोर, माझी बाजू राखायला विचारलं होतं. आणि मी काय केलं? मी त्या वाटेने पळाले. "हो ना गं," म्हणाले, "फोनच बिघडला होता." आजही हे वाक्य आठवलं की मी एकटी असले तरी पदर तोंडाला लावते.

तेवढ्यावर गप्प बसले असते तर बरं. पण खोट्याला पुरावा द्यायची हौस असते. मी तिच्यापुढे मोबाइल धरला. "हे बघ, आता झालाय बंद. आलाय मेसेज. हा महिना संपला की सीट तुझीच."

वहिनीने पिठाचा हात पदराला पुसला आणि मोबाइल घेतला. मी विसरले होते की दवाखान्यात तिचं कामच ते होतं, चिठ्ठीवरची तारीख आधी पाहायची. तिने मेसेज वाचला. तुमची पास बंद करण्याची विनंती मिळाली. खाली तारीख, शनिवारची. संध्याकाळची वेळ.

"काल?" ती म्हणाली.

बाकीच्या बायकांना काही कळलं नसावं, त्या जागराच्या गाण्यावरून वाद घालत होत्या. वहिनीने मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला आणि परात पुन्हा पुढे ओढली. संध्याकाळी रोट वाढताना तिने माझ्या ताटातही वाढला, सगळ्यांसारखा, तूप घालून. मी तो संपवला. टाकायचा नसतो.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून आलो. मंगळवारी सकाळी मी पिशवी घेऊन फाट्यावर उभी होते, एसटीने जायचं ठरवून. पण पास बंद केला तरी महिना संपायला अजून दिवस होते आणि दादांच्या यादीत माझं नाव होतंच. ती छोटी बस आली. मी मान खाली घालून बाजूला सरकले. दादांनी ओळखलं आणि हॉर्न दिला. दार उघडलं. बस थांबून राहिली. आतली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती, कोणी घड्याळ पाहत होतं.

त्याच वेळी समोरून निंदणीच्या बायकांनी भरलेला टेम्पो आला आणि अर्ध्या रस्त्यात उभ्या बसमुळे थांबला. मागे फळीला धरून वहिनी उभी होती, डोक्याला रुमाल, हातात विळा. तिने मला पाहिलं, उघडं दार पाहिलं. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"बठ ना ताई," ती म्हणाली. "तुन्हीच शीट शे."