जित्या माणसाचा फोटो

माझी आई पार्वताबाई कोंढ्याला एकटी राहते. मी धम्मदीप, वरठीच्या पोलाद कारखान्यात फिटर. घरातली सगळी अक्कल माझ्याच वाट्याला आली, हा माझा जुना समज.

धाकटी बहीण प्रतिक्षा सिहोऱ्याला सासरी, पहिलंच बाळंतपण. कळा लागल्या की पहिला फोन मायलाच, असं तिचं ठरलेलं. म्हणून आईला साधा मोबाइल घेतला. सिम तिच्याच नावावर काढायचं, तर तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. "मले बी दुकानात याचं हाय."

"कायले? आधार दे, बस झालं."

लुगडं पुन्हा पेटीत गेलं.

वरठीला भोजराजच्या मोबाइलच्या दुकानात त्यानं आधारकार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. "माय कुठं हाय? समोर उभं करून फोटो काढा लागते." मी बहिणीच्या लग्नातला आईचा फोटो माझ्या मोबाइलवर मोठा करून त्याच्यापुढं धरला. तो कचरला. मी त्याला चहा पाजला. दुसरा नंबर म्हणून माझा दिला, त्यावर आलेला ओटीपी सांगितला. ग्राहक आपल्यासमोर हजर होता, असं नोंदवून भोजराजनं स्वतःचाही फोटो काढला. सिम सुरू झालं. आईची खेप वाचवली म्हणून मी स्वतःवरच खूश.

सिमच्या कंपनीच्या तपासणीत फोटोचा फोटो पकडला गेला. पडताळणी अपूर्ण आहे, ग्राहकानं मूळ कागद घेऊन स्वतः यावं, नाहीतर नंबर बंद होईल, असे तीन मेसेज मला आले. मी ते जाहिरातींसोबत पुसून टाकले. आधी आउटगोइंग बंद झालं. आई कुणाला फोन लावतच नव्हती, कळणार कसं? मग इनकमिंगही गेलं.

एका दुपारी प्रतिक्षाचा फोन आला. "दादा, मायचा फोन लागूनच नाही राहिला. डॉक्टरनं आजउद्याचं सांगितलं. माय बरी हाय ना?" ती रडायला लागली. पुसलेले मेसेज तेव्हा आठवले.

मोटरसायकलनं कोंढा गाठलं. आई मोबाइल मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. "पोरगी फोनच नाही करत. काहून रागावली असन माह्यावर?"

मला माझी लाज वाटली. मेसेज न वाचताच पुसल्याचं तिला सांगून टाकलं. लुगडं मीच पेटीतून काढून दिलं.

दुकानात भोजराज माझ्याकडे बघेना. आईला समोर बसवून तो म्हणाला, "माय, डोळे मिटा, मंग उघडा."

"जित्ती हावो का नाही, ते पाहून राहिला का?"

"हो माय, तेच पाहा लागते."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच डोळे मिटले.

"आता दुसरा नंबर सांगा."

मी तोंड उघडलं.

"याचा नोको," आई म्हणाली. "हा मेसेज वाचत नाही. माह्या पोरीचा घ्या."

ओटीपी सिहोऱ्याला गेला. भोजराजनं आपल्या फोनवरून प्रतिक्षाला लावलं, तर आईनं फोनच ओढून घेतला. "बाई, मी हावो वो." पुढं दोघी नुसत्या रडत होत्या. सहा आकडे सांगायला त्यांनी इतका वेळ लावला, की ओटीपी दोनदा नव्यानं मागवावा लागला.