सकाळी सातचं गिऱ्हाईक

कुरुळीत सोपानरावांचं किराणा दुकान तेवीस वर्षं चाललं, आणि तेवीस वर्षांत आपलं कधी काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही. माणूस मनानं चांगला, पण तोंडानं भलताच फटकळ. दोन वर्षांपूर्वी बायको सुभद्राबाई गेल्या आणि गिऱ्हाईक आटत गेलं. मुलगा जयदीप दिवाळीनंतर गाळा भाड्यानं द्यायला निघाला. म्हाताऱ्याचा तर जीवच त्या दुकानात! शेजारचे तिघं दुकानदार भाव पाडून गिऱ्हाईक पळवतात, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. जयदीप म्हणाला, एकदा बघूच.

पिंपळे गुरवची प्राजक्ता गिऱ्हाईक बनून दुकानं पारखायचं काम करायची. जयदीपनं तिलाच बोलावलं, कारण इकडं तिला कुणी ओळखत नव्हतं. तिनं वीस वस्तू ठरवल्या, कंपनी तीच, वजन तेच. एकाच दिवशी सगळीकडचा सांगितलेला भाव टिपला आणि बिलात लागलेलाही. मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फिरून प्रत्येक दुकानात सारखंच वागली. दुकानात नसलेली वस्तू मागायची, एखादी घेतलेली बदलून मागायची, आणि कोण काय बोललं ते बाहेर पडल्या पडल्या लिहायचं. बापाला न सांगता जयदीपनं तिला आपल्याही दुकानात पाठवलं. आपलं तपासल्याशिवाय दुसऱ्याशी तुलना करायची कशी?

रविवारी बाप-लेक आणि प्राजक्ता कागद घेऊन बसले. वीसपैकी बारा वस्तू सोपानरावांकडंच स्वस्त निघाल्या. म्हातारा खुलला. मी म्हणतच होतो, आपला भाव चोख.

मग प्राजक्तानं वागणुकीचं वाचलं. पहिल्यानं साबणाचा पुडा न विचारता बदलून दिला. दुसरा कुरकुरला, पण दिला. तिसऱ्यानं संपलेली डाळ संध्याकाळी घरपोच पाठवायची तयारी दाखवली. चौथ्या दुकानाशी ती अडखळली, तेव्हा सोपानरावांनी कागद स्वतःच ओढून घेतला. सकाळी सात. दुकानदार म्हणाले, "बोहनीच्या आधी परत घेऊन आलीस? रातपाळीच्या पोरींना घरचं वळणच नसतं."

शब्द त्यांचेच होते. बोलून नाश्त्याला बसेपर्यंत ते विसरूनही गेले होते.

सातला कारखान्यांची रातपाळी सुटायची आणि दुकानात पोरींची गर्दी व्हायची. तेव्हा गल्ल्यावर सुभद्राबाई असायच्या. कुणी काही बदलायला आलं, की त्या स्वतःच्या पैशानं एक काडेपेटी विकत घेऊन बोहनी करायच्या आणि वस्तू बदलून द्यायच्या. येडी बाई म्हणून ते तिला हसायचे. चारचौघांत हसायचे. ते आठवलं आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली.

"गिऱ्हाईक माजं न्हवतंच रं," ते म्हणाले. "तिचं हुतं. म्या तिला कधी चांगलं म्हनलं न्हाई."

प्राजक्तानं पाणी आणलं, ते तसंच राहिलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा जयदीपपुढं ठेवला.

"गाळा भाड्यानं दिऊ नगंस. उद्यापासनं गल्ल्यावर तू बस. मी न्हाई येत."

"तुम्हीच बसा अण्णा," असं तो म्हणेल म्हणून ते थोडं थांबले. जयदीपनं मान खाली घालून किल्ल्या उचलल्या.