खोकला आधीच कापला होता

बोरी अरब गावात माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. व्हिडिओ कॅसेटच्या काळापासून ड्रोनपर्यंत मी शेकडो लग्नांच्या फिल्म जोडल्या. आता त्यांतलं बरंच काम पाहवत नाही. सगळ्यांत जास्त किळस येते ती एका तांड्यावरच्या पाठवणीची.

बंजारा लग्नात मुलगी निघताना घरातल्या एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. ते रडणंही असतं आणि गाणंही. त्या दिवशी बाहेर डीजे दणाणत होता, म्हणून बायकांनी दार लावून घेतलं. आत एकच पिवळा बल्ब, तोही माय-लेकींच्या मागे. लाइट धरणारा माणूस बाहेर वरातीत अडकलेला. माझा कॅमेरामन, एक मुसलमान मित्र, दाटीत चेपून उभा राहिला आणि मिळेल तसं घेत गेला.

आठवड्यानं आम्ही दोघं संगणकापुढे बसलो. चित्र काळंकुट्ट, फोकस मागच्या भिंतीवर, वरून सारखं हलणारं.

"भाऊ, काढून फेका हा शॉट," तो म्हणाला. "अंधारात भुतं नाचून राह्यली. कोणाले समजते?"

"पाठवणी नाही दाखवली तर नवरदेवाकडचे डोकं खातीन. अन् तू काय पाय भाजल्यासारखा हालून राह्यला होता?"

"बायकांच्या कोपरानं बरगड्या मोडल्या माह्या. तुम्ही राह्यले असते उभे, तर मालूम पडलं असतं!"

एक गोष्ट मात्र चोख होती, आवाज. दार बंद, माइक हाताच्या अंतरावर. आधी मुलगी गायली, मग आई. मी हेडफोन लावून तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. त्यांची गोरबोली मला कळत नव्हती, पण आवाज आख्खा आहे हे कळत होतं. आवाज तसाच ठेवायचा आणि चित्रावर मेंदीचे हात, उंबरठा, अंगणातल्या म्हाताऱ्या असे दुसरे शॉट झाकणासारखे टाकायचे, हा रस्ता मला दिसला होता. नाही असं नाही. पण ऐकताना मला ते रडगाणं वाटलं. होय, हाच शब्द तेव्हा मी तोंडानं उच्चारला. नवरदेवाकडच्यांना टीव्हीवर असली रडारड नको, असं मीच ठरवलं.

म्हणून मी चित्र वाचवलं. उजळवलं, तर त्यावर वाळू सांडल्यासारखे दाणे आले. हलणं घालवलं, तर चौकट आत सरकून कडेची आई अर्धी बाहेर गेली. उरलेला धक्का लपवायला वेग अर्ध्यावर आणला. तसं केलं की आवाज भसाडा होतो, मग तो पुसून वर सनई घातली. कोपऱ्यातून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. सीझन होता, डिस्क भरली होती. फिल्म दिली आणि मूळ फुटेज उडवलं.

पुढे त्या नवरीची आई वारली. मुलगी भावासोबत स्टुडिओत आली.

"काकाजी, मले फिल्म नाही पायजे," ती म्हणाली. "याडीचा, माह्या मायचा आवाज पायजे. मी इतकी रडत होते का ती काय गायली ते ध्यानातच नाही."

आणि मी म्हणालो, "बाई, माइकच बंद राह्यला होता. कॅमेरामन विसरला."

तिचा भाऊ तिथून थेट कॅमेरामनच्या घरी गेला आणि अंगणात उभा राहून त्याला वाट्टेल ते बोलला. मग मित्र माझ्याकडे आला. "भाऊ, माइक चालू होता ना?" एवढंच विचारलं. मी पडद्यावरून मान वर केली नाही. त्या भागातल्या तांड्यांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. आता तो पंक्चर काढतो.

या उन्हाळ्यात मी त्याच्या दुकानी गेलो आणि म्हणालो, चल, तिला खरं सांगू. तो म्हणाला, "मी कायले येऊ? ज्यानं खोटं सांगतलं त्यानं जाव." मग एकटाच एसटीनं फुलसावंगीला, तिच्या सासरी गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं: माइक चालू होता, आवाज साफ होता, मी पुसला, मित्राचा काही दोष नव्हता.

तिनं भावाला फोन लावला. "दादा, त्या पंक्चरवाल्या काकाची माफी माग, आजच," एवढं म्हणून ठेवून दिला. मग माझ्याकडे वळली.

"म्हणजे तुम्ही ऐकलं. हेडफोन लावून."

"हो."

"पुन्हा पुन्हा."

"हो."

"मग सांगा ना, काय गायली ती?"

माझ्या कानांनी तो आवाज कितीदा घेतला होता, आणि त्यातला एक शब्द मला देता येईना. मला फक्त एवढं आठवत होतं, की मध्ये एकदा ती थांबली आणि खोकली. मी तेच सांगितलं.

ती पुढे सरकली. "तो खोकला तरी आहे का कुठं?"

तो तर मी गाणं पुसायच्याही आधी, नकोसा आवाज म्हणून, सगळ्यांत आधी कापला होता.

तेही सांगितलं. ती उठली आणि आत निघून गेली. तिच्या सासूनं चहा आणून ठेवला.