मिठाच्या बरण्या आणि देवळाची ओळ

जिच्या हातून चराचराला घास मिळतो त्या अन्नपूर्णेला प्रथम वंदन करतो. आज आमच्या गावात मिठाच्या बरण्यांचे दुसरे वजन झाले. त्या निमित्ताने पहिल्या वजनाची हकीकत, स्मरण शाबूत आहे तोवर, लिहून ठेवतो.

आंजीच्या बाजारापासून आमचे गाव फार दूर नाही. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो. देवळातील पूजा आणि एकादशीचे प्रवचन अजून माझ्याकडे आहे. एके दिवशी वैद्यकीय महाविद्यालयातून एक तरुण डॉक्टर बाई आल्या. गावात रक्तदाबाचे रुग्ण बरेच आहेत, तेव्हा लोक मीठ किती खातात ते पाहायचे आहे, असे त्यांनी सांगितले. त्यापुढचे वाक्य मात्र बाहेरून आलेल्या कोणाही विद्वानाच्या मुखातून मी पूर्वी ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या, "काय मोजायचं, कसं मोजायचं आणि आलेलं उत्तर कसं सांगायचं, हे तुम्ही आमच्याबरोबर बसून ठरवायचं."

मग गावातल्या घरांच्या प्रत्येक ओळीतून एकेक माणूस घेऊन समिती झाली. समाजमंदिरातील हातांची एकमेव खुर्ची लोकांनी सवयीने माझ्याकडे सरकवली, आणि अध्यक्षपद तिच्याबरोबर आले.

पहिल्याच बैठकीत डॉक्टर बाईंनी प्रांजळपणे सांगितले की सर्वांत खात्रीची रीत म्हणजे माणसाची चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करून तपासणे. आमच्या शेजारच्या, विहाराच्या ओळीतील आशा सेविका समितीत होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "मॅडम, कापूस वेचाले जाणाऱ्या बाईनं कमरेले कापसाच्या वटीवानी बांधाव का तुमची कॅन?"

कॅन तिथेच रद्द झाली. त्याऐवजी असे ठरले की घरातली मिठाची बरणी तोलायची, आठवड्याने पुन्हा तोलायची, मधे आणलेला पुडा धरायचा आणि किती तोंडे जेवली त्याने भागायचे. ही रीत थोडी ढोबळ आहे, असे डॉक्टर बाईंनी सर्वांसमोर सांगून कागदावरही लिहिले. त्यावर बायकांनी आणखी सुधारणा केल्या. कैरीच्या दिवसांत तोलू नका, तेव्हा अर्धी बरणी लोणच्यात जाते. आणि तोलालच, तर लोणचे आणि पापडही तोला. डॉक्टर बाई भराभर लिहून घेत होत्या.

मीही एक सूचना केली. पानात वरून मीठ घेता का, हा प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारावा, असे माझे मत होते.

आशाताई म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या घरी मिठाची बरणी कोठी ठेवली हाय, सांगा बरं."

देवघरातील प्रत्येक वस्तूची जागा मला अंधारातही सांगता येते. बरणीच्या बाबतीत मी काही काळ चिंतन केले. समितीने माझे मौन हेच उत्तर मानून ठराव केला की जी स्वयंपाक करते तिलाच विचारावे. माझा मान थोडा दुखावला होता, म्हणून मीही एक नियम मांडला. आलेले फलित प्रथम याच गावात, याच समाजमंदिरात, अध्यक्षाने स्वमुखाने वाचावे आणि त्यातले काही झाकू नये. तो एकमताने संमत झाला. त्या दिवशी मला फार समाधान वाटले.

काही महिन्यांनी डॉक्टर बाई फलिताचा कागद घेऊन माझ्या ओसरीवर आल्या. त्यात घरांची नावे नव्हती, केवळ ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीचा एक उभा खांब काढला होता. सर्वांत उंच खांब देवळाच्या ओळीचा होता. सात्त्विक आहारावर दर एकादशीला बोलणारा मी त्या खांबाकडे बराच वेळ पाहत राहिलो.

त्या म्हणाल्या, "गुरुजी, एक अडचण आहे. दहापेक्षा कमी घरांची ओळ वेगळी दाखवायची नाही, असं आपण ठरवलंय, कारण घरं ओळखू येतात. तुमच्या ओळीत सहाच घरं आहेत. शेजारच्या ओळीत मिळवू का?"

मला त्यात साक्षात ईश्वरी कृपा दिसली. "नियम तो नियम," मी म्हणालो, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी समितीत दोन्ही ओळींचा मिळून एक खांब मांडला गेला. विहाराच्या ओळीचा मूळ खांब गावात सर्वांत बुटका होता, हे मी आदल्या दिवशी पाहूनही पाहिले नव्हते. आशाताईंनी तो कागद उलटसुलट केला, मला चहा दिला आणि मग विचारले, "गुरुजी, आमच्या बायांनी बरण्या देल्ल्या, लोणचं बी तोलून देल्लं. आता तुमचं मीठ आमच्या भाजीत काऊन टाकून राह्यले?"

डॉक्टर बाईंनी चूक आपलीही आहे असे म्हटले. मग साऱ्या गावाचा एकच आकडा सांगावा, असा एक मार्ग त्यांनी सुचवला.

"मंग ओळीओळीनं तोललं कायले?" आशाताई म्हणाल्या.

शेवटी एकच वाट उरली. देवळाच्या ओळीतील सहाही घरांनी स्वखुशीने होकार दिला, तर ती ओळ वेगळी दाखवता येईल. एका जरी घराने नकार दिला, तर विहाराच्या बायांचे श्रेय गावासमोर येणारच नव्हते. मी लगेच घरोघरी निघालो होतो, पण डॉक्टर बाईंनी मला अडवले. "तुम्ही नको, गुरुजी. तुम्हाला नाही म्हणणं लोकांना जड जातं. मीच विचारते."

संध्याकाळपर्यंत पाच घरांचा होकार आला. सहावे घर माझे होते. डॉक्टर बाई आमच्या सौभाग्यवतींशी बोलत असताना मी देवघरात समई तिसऱ्यांदा घासत होतो.

"यांना विचारलं का?" सौभाग्यवतींनी विचारले.

"काकू, उत्तर तुमचं आहे. नाही म्हणालात तरी चालेल."

"प्रश्नांच्या कागदात आमच्या घरी वरून मीठ घेतात असं आहे ना? ते मीच सांगितलं. लग्न झाल्यापासून यांना सांगून थकले." मग आवाज किंचित चढला, तो समईपर्यंत पोचावा म्हणून. "माझं हो आहे. पण वाचायचं यांनीच. चष्मा घरी राहिला, हे चालायचं नाही."

रविवारी समाजमंदिर भरले. बायकांनी कागदी खांबांऐवजी स्टीलच्या वाट्यांच्या चळती रचल्या होत्या, ओळीगणिक एक. आमची चळत कलू लागली, तेव्हा माझे वाचन संपेपर्यंत डॉक्टर बाई तिला हात लावून उभ्या होत्या. मी झाकले काही नाही. विहाराची ओळ सर्वांत कमी, हे वाक्य माझ्या आवाजात सर्वांत स्पष्ट आले, असे मला नंतर सांगण्यात आले.

मागून एक वृद्ध शेतकरी म्हणाला, "म्हणून देवळातला मसालेभात येवढा चवदार लागते का, गुरुजी?"

सारे हसले. आशाताईंनी त्या शेतकऱ्याला तिथेच गाठले. "हसून राह्यले, बुवा? तुमच्या ओळीची चळत काई बुटकी नाई."

मग पुढे काय करायचे, यावर बोलणे सुरू झाले. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही, हे डॉक्टर बाईंनी दोनदा बजावले. मीठ पानात वाढायचे नाही, हे बायकांनी ठरवले. ही त्यांनी सूचना म्हणून मांडली नव्हती. घरी परतलो तेव्हा माझ्या पानाच्या डाव्या बाजूची जागा रिकामी होती.

आज दुसऱ्यांदा वजन झाले. आमच्या बरणीचा आकडा सौभाग्यवतींनी लिहवून दिला आहे. मी विचारला, तर फलित प्रथम गावात वाचायचे असा नियम असल्याची त्यांनी आठवण करून दिली. बरणी कोठे असते, ते मात्र आता मला ठाऊक आहे.

वाचकहो, तुमच्या चुली नित्य पेटत राहोत, तुमची बरणी सावकाश रिती होवो, आणि तुमच्या घरच्या अन्नपूर्णेला तुमच्यासमोर खरे बोलण्याचे बळ व तुम्हाला ते ऐकण्याचे भाग्य लाभो. शुभं भवतु.