फॅक्सचा कॉलम

त्या सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या ऑफिसात मी दुसऱ्याची स्क्रिप्ट तपासत बसले होते. खरं सांगायचं तर मला त्या कामाचा कंटाळा आला होता. वीस वर्षं लोकांच्या चुका शोधायच्या आणि वर वाईटपणा घ्यायचा.

स्क्रिप्ट आमच्या नव्या प्रोग्रामरची. मुलगी हुशार, पण घाईची. एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याचा डेटाबेस दुपारी बदलायचा होता. मागांच्या नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून त्यांच्या टेबलावर ती इंडेक्स, म्हणजे सूची, बांधणार होती. ती बांधून होईपर्यंत त्या टेबलात एकही नवी नोंद झाली नसती, आणि कारखाना ऐन पाळीत. "नोंदी न अडवता इंडेक्स बांधायची सोय आहे ना? ती वापर," मी म्हणाले.

पुढची ओळ ऑर्डरच्या टेबलातला फॅक्सचा कॉलम काढून टाकायची.

"आता फॅक्स कोण वापरतंय, मॅडम? आणि उलट फिरवायची स्क्रिप्टही आहे."

होती. पण त्या स्क्रिप्टनं कॉलम परत आला असता तो रिकामा. आतलं गेलं ते गेलंच. तरी मी मान्य करणारच होते, इतकी दमले होते. निव्वळ सवयीनं आत डोकावले, तर कॉलम गच्च भरलेला. 'जुना ४१२, लाल पेटी', 'मोर, वरचा माळा'. हे कसले फॅक्स नंबर?

"बॅकअप आहे ना?"

"रोज यशस्वी झाल्याचा मेल येतो."

मेलवर माझा काडीचा विश्वास नाही. शेवटची फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवायला लावली. डिस्क भरल्यामुळे ती अर्धीच लिहिली गेली होती. त्याआधीच्याही तशाच. म्हणजे कॉलम काढला असता तर तो मजकूर कुठूनच परत मिळाला नसता.

मग कारखान्यातल्या डिझाइन मास्तरांना फोन लावला. साठी उलटलेले, माळ्यावरच्या हजारो पंचकार्डांचे, म्हणजे मागाला चादरीची नक्षी सांगणाऱ्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांचे, राखणदार.

"मास्तर, फॅक्सच्या रकान्यात काय लिहिता तुम्ही?"

"कुठल्या चादरीचं कार्ड कुठल्या पेटीत हाय, ते की. का हो?"

"वहीत नाही लिहून ठेवलं?"

"वही कशाला? कंप्यूटर हाय की. ते गेलं तर माळा नुसता रद्दी हाय, मॅडम. जुनी एक चादर निघायची न्हाय."

फोन कानाला तसाच ठेवून मी स्क्रिप्ट नामंजूर केली. आधी डिस्क मोकळी करून खरा बॅकअप घ्यायचा, कार्डासाठी वेगळा कॉलम करून मजकूर त्यात हलवायचा, जुना तूर्त तसाच ठेवायचा. मुलीचा चेहरा उतरला. मला तिची दया आली नाही, रागच होता, आणि तो मास्तरांवरही निघाला.

"पण मास्तर, फॅक्सच्या जागी असलं कुणी लिहितं का?"



"तुमीच सांगितलं होतं की. कार्डासाठी रकाना द्या म्हणून मी तीनदा फोन केला. तुमी म्हणालात, सध्या फॅक्समध्ये टाका, पुढच्या महिन्यात करून देते."